आगाऊ रकमेची पाटी

मी मूळची भित्री. आमच्या लातूरकडची माणसं धीट असतात म्हणतात. तो धीटपणा माझ्या भावंडांनी आपसात वाटून घेतला आणि भीती तेवढी माझ्या वाट्याला आली. नवऱ्याला हिंजवडीच्या कंपनीत नोकरी लागली, आम्ही महाळुंग्यात भाड्याचा फ्लॅट घेतला, आणि दिवसभर घरात बसून भिंतींना घाबरण्यापेक्षा बाहेर पडावं म्हणून मी पौड रस्त्यावरच्या एका छोट्या हॉस्पिटलात काउंटरवर बसायला लागले. दोन हजार सातच्या आसपासची गोष्ट. पैसे घ्यायचे, पावती द्यायची, केसपेपर काढायचे आणि ऑपरेशनच्या दिवशी पेशंटकडून संमतीच्या कागदावर सही किंवा अंगठा घ्यायचा, एवढं माझं काम.

माझ्या डोक्यामागे भिंतीवर एक पाटी होती. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. ‘नियोजित शस्त्रक्रियेकरिता अंदाजित रक्कम आगाऊ भरणे अनिवार्य आहे. सदर रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत केली जाणार नाही. अतिरिक्त खर्च रुग्णास लागू राहील. हुकमावरून.’ हुकूम कुणाचा, हे मला कधीच कळलं नाही. आमचे डॉक्टर तसे हुकूम सोडणारे नव्हते. शहरातल्या कुठल्याशा मोठ्या हॉस्पिटलातली पाटी त्यांनी उतरवून आणली होती आणि पेंटरने जशीच्या तशी रंगवली होती.

डॉक्टरांचीही बाजू होती, ती सांगायला हवी. लोक तारीख घेऊन जायचे आणि त्या दिवशी यायचेच नाहीत. कुणाच्या गावची जत्रा निघायची, कुणाचा पाव्हणा यायचा. इकडे कोथरूडहून भूल देणाऱ्या मॅडम गाडी काढून आलेल्या असायच्या. त्यांचे पैसे डॉक्टरांना द्यावेच लागत. आधी पैसे घेऊन ठेवायला लागल्यापासून लोक वेळेवर यायला लागले. पाटीने काम केलं होतं. फक्त ती आणखी काय काय काम करत होती, ते आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं.

पाटी बदलायचा विषय निघाला तो वेगळ्याच भांडणातून. महाळुंग्याच्याच एका तरुणाच्या आईचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना बिल भरलेल्या रकमेपेक्षा बरंच जास्त निघालं. दोन दिवस जादा राहावं लागलं होतं, आणि काढलेला भाग तपासायला पुण्याच्या लॅबमध्ये पाठवला होता, त्याचे वेगळे. तो काउंटरवर हात आपटून म्हणाला, “मॅडम, अंदाजित म्हणजे काय? अतिरिक्त म्हणजे किती? शंभर की लाख?” मी मान वर करून त्याच्याकडे बघतही नव्हते, रबर स्टँपच्या पॅडशी खेळत होते. शेवटी डॉक्टर स्वतः बाहेर आले, त्यांनी त्याला आत नेऊन एकेक आकडा समजावला. तो गेल्यावर मला बोलावून म्हणाले, “ताई, तुम्ही मराठी घेऊन बी.ए. केलंय ना? मग ती पाटी तुम्हीच नीट लिहून काढा. परत असा तमाशा नको.”

मला आनंद व्हायला हवा होता, पण धडकीच भरली. एवढा मोठा विषय, आणि लिहिणार कोण, तर मी! चार दिवस मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाटी वाचायला लावली आणि काय समजलं ते विचारलं. ‘अनिवार्य’ कुणालाच कळत नव्हतं. ‘अंदाजित’ला कुणी ‘पक्की’ समजत होतं. ‘कोणत्याही परिस्थितीत परत नाही’ मात्र झाडून सगळ्यांना कळत होतं. एका म्हाताऱ्याने मला सांगितलं, “म्हंजी मेलो तरी न्हाई.” तो हसला, मीही हसले.

मग मी लिहिलं. अंदाजाची रक्कम भरायच्या आधी कागदावर लिहून मिळेल. तिच्यात ऑपरेशन, ऑपरेशनची खोली, भूल आणि ठरलेल्या दिवसांचं कॉटभाडं आलं. औषधं, रक्त लागलं तर ते, काढलेला भाग तपासायचा खर्च आणि जादा दिवस हे तिच्यात नाहीत; ते वेगळे पडतील, आणि साधारण किती पडतील तेही त्याच कागदावर लिहू. खर्च अंदाजाच्या वर जातोय असं दिसलं, तर जिवावरचा प्रसंग सोडून आधी नातेवाइकांना सांगू. घरी जाताना हिशेब होईल, उरलेले पैसे पावती दाखवून परत मिळतील. हे सगळं डॉक्टरांना पसंत पडलं. ‘धनादेशाने परत’ असं मी लिहिलं होतं, ते त्यांनीच खोडून ‘रोख’ केलं. म्हणाले, “डोंगरातल्या माणसाला चेक देऊन काय करू? बँकेत खातं कुठंय त्याचं?”

अडलं ते एका वाक्यावर. मी लिहिलं होतं: ‘तब्येतीच्या कारणामुळे डॉक्टरांनीच ऑपरेशन पुढे ढकललं, तर भरलेले पैसे बुडणार नाहीत. ते पुढच्या तारखेला धरले जातील. ऑपरेशन करायचंच नसेल तर परत मिळतील.’ डॉक्टरांनी त्याभोवती लाल पेनाने कंस घातला. “उद्या जो तो खोकत येईल. आणि मॅडमचे पैसे कोण देणार?” त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. “बघू. विचार करतो,” ते म्हणाले. विचार करतो म्हणजे काय, हे नोकरी करणाऱ्या माणसाला शिकवावं लागत नाही. कागद माझ्या ड्रॉवरमध्ये पडून राहिला आणि जुनी पाटी माझ्या डोक्यामागे तशीच राहिली.

त्या हिवाळ्यात ताम्हिणीकडून एक धनगर कुटुंब यायला लागलं. सासू, मुलगा आणि सून. सुनेच्या पित्ताच्या पिशवीत खडे झाले होते. रात्री-अपरात्री कळ उठायची आणि ती पोट धरून लोळायची. पिशवी काढायची ठरली, तारीख मिळाली. पैसे भरायला मुलगा आईला घेऊन आला. शेरडं विकून आणलेले पैसे त्याने रुमालाची गाठ सोडून दिले, मी पावती फाडली. म्हातारीने पाटीकडे बोट दाखवलं. “काय लिवलंय त्ये वाच की.” मुलाने अडखळत वाचलं. ‘कोणत्याही परिस्थितीत’ हे तिने दोनदा वाचायला लावलं. मग पावती पोलक्यात घातली आणि निघाली. तिच्या तोंडावर तेव्हा जे होतं, ते मी रोजच बघत होते. त्याचं मला काही वाटेनासं झालं होतं.

आमचे डॉक्टर शक्यतो आदल्या संध्याकाळीच पेशंट भरती करून घेत. या घरात मेंढरांमागे राहायला माणूस नव्हतं, म्हणून सकाळी येऊ म्हणाले. मी बजावून सांगितलं होतं, आदल्या रात्रीनंतर अन्नाचा कण नाही, दुधाचा थेंब नाही. म्हातारीने मान हलवली होती.

त्या दिवशी दोघीच आल्या, मुलगा मेंढरांमागे होता. सुनेच्या कपाळावर आणि गळ्याशी भंडारा लागलेला. रात्री घरी खंडोबाची तळी भरली होती, म्हणाली. थंडीने तिचे ओठ फुटले होते. मी संमतीच्या कागदावर तिचा अंगठा घेतला. शाई पुसायला बोळा दिला, तर ती तो हातातच धरून बसली. म्हातारी जरा लांब, पाटीखालच्या बाकड्यावर होती. सून एकदम हळू आवाजात म्हणाली, “ताई, दूध पिल्यावर भूल दिली तर काय व्हतं वो?”

एकदा मी भूलवाल्या मॅडमना विचारलं होतं, की ‘काही खाल्लं नाही ना’ हे आपण सगळेच एकामागून एक का विचारतो. त्यांनी हातातलं काम थांबवून सांगितलं होतं, बेशुद्धीत पोटातलं अन्न वर येतं आणि फुप्फुसात उतरतं, माणूस टेबलावरच जाऊ शकतो. ते त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं, की मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

“तुम्ही प्यायलात का?” मी विचारलं. तिने सासूकडे बघितलं. “न्हाई. उगं आपलं विचारलं,” ती म्हणाली.

मी सिस्टरांना सांगितलं. सिस्टरांनी दोघींना विचारलं. न्हाई. डॉक्टर बाहेर येऊन गेले, त्यांनीही विचारलं. म्हातारी ठणकावून म्हणाली, “कालपासनं पानीबी न्हाई घातलं तिच्या तोंडात.” डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, जरा वैतागूनच. माझा भित्रा स्वभाव त्यांना माहीत होता. आत मॅडम आल्या होत्या, सामान मांडल्याचे आवाज येत होते. सिस्टर सुनेला हिरवा गाऊन घालायला घेऊन गेल्या.

मी खुर्चीत बसले आणि मला उठता येईना. मला काहीच माहीत नव्हतं, नुसता संशय होता. माझं चुकत असेल तर हसं होणार होतं, एवढंच. माझं बरोबर असेल तर आत एक बाई मरणार होती, आणि तिच्या अंगठ्याची शाई अजून माझ्या बोटाला होती. म्हातारी पाटीखाली बसून होती, ओठ मिटून, दोन्ही हात गुडघ्यांत घालून. ती खोटारडी नव्हती. तिच्याकडे बघताना मला एकदम समजलं की ती त्या पाटीशी बोलत होती, आमच्याशी नाही. पाटीवर लिहिलं होतं की काही झालं तरी पैसे गेले. मग काही झालंय हे तिने सांगायचं तरी कशाला?

मी ड्रॉवरमधून तो कागद काढला आणि तिच्याशेजारी जाऊन बसले. “आजी, आज ऑपरेशन झालं नाही तरी तुमचे पैसे बुडत नाहीत.”

“आन् त्ये?” तिने मान न वळवता अंगठ्याने वर दाखवलं.

“ते जुनं आहे. हे नवीन आहे.” मी ते कंसातलं वाक्य वाचलं. लाल कंस तिला दिसत होता, पण वाचता येत नव्हतं, आणि मी काही तो समजावून सांगितला नाही.

“परत वाच.” मी परत वाचलं. ती कागदाकडे बघत राहिली. “ह्येला शिक्का कुटंय?”

आमच्याकडे येणाऱ्या माणसांचा सहीवर विश्वास नसतो, सही कुणीही करतं. शिक्का असला की कागद सरकारी झाला, खरा झाला. पावतीवर शिक्का नीट उठला नाही तर माणसं पावती परत द्यायची. आणि शिक्का मारायचा म्हणजे डॉक्टरांनी जे नाकारलं होतं, ते मी हॉस्पिटलच्या नावाने मान्य करायचं. नोकरी गेली असं मी धरूनच चालले. नवऱ्याला काय सांगायचं याचीही जुळवाजुळव मनात सुरू झाली. मी काउंटरवर गेले, पॅड उघडलं आणि शिक्का मारला. तोही पहिल्यांदा अर्धाच उठला. मग दुसरा मारला.

म्हातारीने कागद उजेडात धरला, शिक्क्यावर बोट फिरवलं, घडी घातली आणि पावतीसोबत पोलक्यात ठेवला. आणि मग तिचा चेहरा एकदम मोडला. “पहाटं दुधात भाकरी कुस्करून घातली गं तिला. भरल्या तांब्याएवढं दूध. कापाकापीला चाललीय लेकरू, उपाशी कशी धाडू घरातनं? आमच्यात न्हाई धाडत. हितं आल्यावर समदी विचाराय लागली, मंग म्या भ्याले. तिलाबी दटावली, बोलू नगंस म्हून. व्हय, घातलंय, घातलंय!”

मी ऑपरेशनच्या खोलीकडे पळाले. त्या दाराला मी कधी हात लावला नव्हता. आत जायची आम्हाला मनाईच होती. दार ढकललं तर सून टेबलावर होती, हाताला सलाईन लागलेलं, आणि मॅडमच्या हातात सिरिंज. “मॅडम, तिने खाल्लंय,” मी ओरडले. माझा स्वतःचा आवाज मला ओळखू आला नाही. मॅडमनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. टेबलावर ती बाई हुंदके देऊन रडायला लागली. सुटका झाल्यासारखी रडत होती.

पुढचा अर्धा तास माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट वेळांपैकी एक. डॉक्टर केबिनमध्ये माझ्यावर आवाज चढवून म्हणाले, “शिक्का कुणाला विचारून मारलात?” मला रडू फुटलं. कोपऱ्यात मॅडम हात धूत होत्या. त्या वळून म्हणाल्या, “डॉक्टर, मी आता तिला झोपवणार होते. त्यानंतर दूध-भाकरी वर आली असती, तर तुम्ही आणि मी काय करत असतो या वेळी?” डॉक्टर बसले. कपाळ चोळत राहिले. “पण ताई, सिस्टर आणि मी, तिघांनी विचारलं होतं,” ते म्हणाले, आणि मग त्यांनीच पुढचं बोलणं सोडून दिलं. बाहेरची पाटी तिथून दिसत नव्हती, तरी त्यांनी त्या भिंतीकडे बघितलं.

मॅडमनी त्या दिवशी पूर्ण पैसे घेतले नाहीत, फक्त येण्या-जाण्याचे घेतले. तोच नियम मग पाटीवर आला. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी माझ्याकडून कागद पुन्हा लिहून घेतला. कंस काढला. ‘ताप, खोकला, खाणं-पिणं झालं असेल तर सांगा. सांगितल्यामुळे पैसे बुडणार नाहीत,’ हे वाक्य त्यांनी स्वतः सांगितलं आणि सगळ्यात वर घ्यायला लावलं. आधी कळवून तारीख बदलली तर काही कापायचं नाही. न कळवता आलंच नाही, तर भूलतज्ज्ञांच्या फेरीचे तेवढे कापायचे, आणि ते किती, हे अंदाजाच्या कागदावर आधीच लिहायचं. ऑपरेशन नकोच असेल, तर झालेल्या तपासण्या आणि वापरलेली औषधं वजा करून बाकी परत. ‘हुकमावरून’ला जागा उरली नाही. मला त्यांनी नोकरीवरून काढलं नाही, पण शिक्का पुढचे काही महिने त्यांच्या टेबलाच्या खणात राहिला. रोज सकाळी मागून घ्यावा लागायचा. ते माझ्या मनाला लागत होतं आणि पटतही होतं.

नवी पाटी लागली तरी मी निर्धास्त झाले नाही. उलट भीती वाढलीच. जुन्या पाटीखाली बसून मी कितीतरी जणांना ‘काही खाल्लं नाही ना’ विचारलं होतं आणि त्यांनी नाही म्हटल्यावर फाईल आत सरकवली होती. त्यातल्या किती जणांनी पाटीकडे बघून उत्तर दिलं असेल? ती सगळी माणसं धडधाकट घरी गेली होती. तरी मी एकेक चेहरा आठवत बसायचे.

धनगरीण सुनेची दुसरी तारीख आली. या वेळी दोघी आदल्या संध्याकाळीच भरतीसाठी आल्या. मेंढरं भावकीत सोपवून मुलगाही आला होता. म्हातारीने मला पाटी मोठ्याने वाचायला लावली, सगळी, वरपासून खालपर्यंत. मी वाचली. आत सिस्टर खाट लावत होत्या, डॉक्टर दारात उभे होते. म्हातारीने पोलक्यातून घडी केलेला कागद काढला, काउंटरवर पसरला, आणि डॉक्टरांकडे वळून म्हणाली, “मंग सांगते. परवापासनं हिला खोकला हाय. रातच्याला छाती वाजतीया.”

मुलगा म्हणाला, “आये, गप की.”

“का गप? लिवलंय न्हवं?”

डॉक्टरांनी सुनेला तिथेच बाकड्यावर बसवलं आणि नळी लावून पाठ तपासली. बराच वेळ ऐकत होते. मी खुर्चीच्या कडेला धरून उभी होते. आता हे काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पाटी लावणं वेगळं आणि पाळायची वेळ आली की वेगळं. त्यांनी नळी गळ्यात टाकली, मोबाईल काढला आणि मॅडमना उद्या येऊ नका म्हणून सांगितलं. छातीत कफ होता, भूल देण्यासारखी अवस्था नव्हती. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, यांना विचारा, पैसे परत हवेत की पुढच्या तारखेला धरायचे. हवे असतील तर लगेच द्या.”

मी गल्ला उघडला. मुलगा पुढे झाला. म्हातारीने त्याचा हात मागे ओढला.

“ऱ्हाऊ द्या पैसं,” ती म्हणाली. “हिला हितंच कापायचं. हितं खरं सांगता येतंया.”